विसर्जनानंतरची सकाळ आणि स्वयंसेवकांसाठीच्या दहा ओळी

गणपती जवळ आले की मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. वर समुद्रकिनाऱ्याचा फोटो आणि खाली दोन ओळी : ‘विसर्जनानंतर किनारा स्वच्छता मोहीम, रविवारी सकाळी. सर्वांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे.’ वाचणाऱ्याला खरोखर जायचं असतं. पण किती वाजता, चौपाटीच्या कुठल्या टोकाला, पायात काय घालून, किती वेळासाठी आणि कुणाला कळवून, यातलं काहीच त्याला समजत नाही. मग तो मजकूर चार जणांना पुढे पाठवतो आणि रविवारी घरीच राहतो. जो तरीही जातो, तो नऊ वाजता चपला घालून पोहोचतो, तेव्हा समोर पाणी चढत असतं आणि जे उचलायचं ते पाण्याखाली गेलेलं असतं.

पर्यावरणाचं काम करणाऱ्या गटांमध्ये फोटोखालचा हा मजकूर सहसा सगळ्यात शेवटी, कुणीतरी घाईघाईने लिहितो. माझ्या मते तो सगळ्यात आधी लिहायला घ्यावा. कारण त्यातली प्रत्येक ओळ लिहिताना किनाऱ्यावरचा एकेक प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो सुटला नसेल तर ओळ लिहिताच येत नाही. हे नीट दिसावं म्हणून मुंबईतल्या दादर चौपाटीचं आणि २०२५ सालच्या अनंत चतुर्दशीनंतरच्या सकाळचं उदाहरण घेऊ. त्या वर्षी अनंत चतुर्दशी शनिवारी, ६ सप्टेंबरला होती. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि पौर्णिमाही.

सगळ्यात अवघड ओळ वेळेची. ती आपल्या सोयीने ठरत नाही, समुद्राच्या सोयीने ठरते. मूर्तींचे तुकडे, कापडं, हार, थर्माकोल हे सगळं भरतीच्या पाण्याबरोबर वर येतं आणि पाणी उतरलं की वाळूवर राहतं. उचलायचं ते तेव्हाच. पुढची भरती त्यातलं बरंचसं पुन्हा ओढून नेते, उरलेलं वाळूत गाडते. म्हणून ओहोटीची वेळ आधी शोधायची आणि मग तिच्याभोवती माणसांची वेळ बसवायची.

कोकणपट्टीवर भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. ही रीत ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. म्हणून मजकुरात छापायची वेळ महापालिकेने किंवा बंदर विभागाने दिलेल्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच घ्यावी. पण ही मोहीम सकाळी घ्यायची की दुपारी, एवढं या हिशेबावरून महिनाभर आधी पक्कं सांगता येतं.

आता हाच हिशेब गणेशोत्सवाला लावून पाहा. दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन पंचमीला होतं. सफाई दुसऱ्या दिवशी, षष्ठीला. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणून पहाटे साडेचारच्या आसपास भरती आणि सकाळी पावणेअकराच्या सुमारास ओहोटी. त्या दिवशी स्वयंसेवकांना निवांत साडेआठला बोलवावं आणि साडेअकरापर्यंत काम करावं. गौरी विसर्जनाची तिथी नक्षत्रावर ठरते, त्यामुळे ती दरवर्षी थोडी हलते. २०२५ साली ते दशमीला होतं आणि दुसऱ्या दिवशी एकादशी होती. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे नेहमीच्या सवयीने ‘सकाळी ८’ लिहिलं असतं, तर माणसं ऐन भरतीला किनाऱ्यावर येऊन उभी राहिली असती. त्या दिवशीची योग्य वेळ होती दुपारची.

अनंत चतुर्दशीचं मात्र दरवर्षी एकच गणित असतं, कारण तिथी ठरलेली आहे. दुसरी सकाळ पौर्णिमेची किंवा तिच्या अगदी जवळची. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती दुपारच्या आधी, ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला. शिवाय पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, म्हणजे पाणी खूप खाली जातं आणि खूप वरही चढतं. ७ सप्टेंबर २०२५ला तक्त्यात पहाटे पाचच्या सुमारास ओहोटी होती आणि साडेअकरा उलटून गेल्यावर सुमारे साडेचार मीटरची भरती. लालबागच्या राजाचं विसर्जन त्या दिवशी तासन्‌तास लांबलं आणि अखेर रात्री झालं, त्यामागे याच भरतीच्या पाण्याची वेळ होती, हे अनेकांना आठवत असेल.

म्हणजे पाणी सगळ्यात लांब असतं तेव्हा अंधार असतो. मुंबईत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य साधारण सहा वाजून पंचवीस मिनिटांनी उगवतो. अंधारात वाळूवर काम करायचं नाही, कारण पायाखाली काय आहे ते दिसत नाही. त्यामुळे उजाडल्यापासून पाणी अंगावर येईपर्यंतचा वेळच आपल्या हातात राहतो. तो किती, हेही काढता येतं. ओहोटीपासून भरतीपर्यंत पाणी एकाच वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते जेमतेम हलतं, दुसऱ्यात जरा जास्त, आणि मधल्या दोन तासांत एकूण चढाच्या जवळजवळ निम्मं चढतं. पाचला ओहोटी असेल तर हा मधला जोराचा काळ सव्वासातच्या पुढे सुरू होतो आणि साडेनऊपर्यंत टिकतो. किनाऱ्याचा उतार पन्नासात एक असेल, तर पाणी एक मीटर वर चढणं म्हणजे पन्नास मीटर वाळू पाण्याखाली जाणं. दूर निवांत दिसणारं पाणी अर्ध्या-पाऊण तासात वाकून काम करणाऱ्याच्या पाठीशी येतं ते असं.

यावरून वेळेची ओळ आपोआप तयार होते : जमणं पावणेसहाला, काम सव्वासहा ते सव्वाआठ. आधी पाण्याच्या कडेची पट्टी घ्यायची आणि चढत्या पाण्याच्या पुढे राहत वर सरकायचं. सव्वाआठनंतर कुणीही खाली राहायचं नाही. पुढचा अर्धा तास भरतीच्या रेषेच्या वर बसून वर्गवारी करायची आणि पावणेनऊला मोकळं व्हायचं. जमण्याची आणि कामाची अशा दोन्ही वेळा वेगवेगळ्या लिहिणं फार गरजेचं आहे. एकच वेळ लिहिली की लोक त्या वेळेला निघतात. सुटण्याची वेळही लिहावीच. रविवारी ज्याला दहाच्या आत घरी पोहोचायचं आहे, मेगाब्लॉक सुरू होण्याआधी लोकल पकडायची आहे किंवा घरी आजारी माणूस आहे, तो त्या एका आकड्यावर ‘हो’ म्हणतो.

जागेची ओळ सोपी वाटते, पण ‘दादर चौपाटी’ एवढंच लिहिलं तर निम्मी माणसं भलत्याच प्रवेशाने येतात आणि दहा-पंधरा मिनिटं फोनाफोनीत जातात. खूण अशी हवी जी रिक्षा-टॅक्सीवाल्यालाही माहीत असेल आणि पहाटेही दिसेल : चैत्यभूमीच्या बाजूचा प्रवेश, दादर स्टेशनच्या पश्चिमेकडून चालत पंचवीस-तीस मिनिटं. गिरगावसारख्या किनाऱ्यावर मोठ्या मंडळांचं विसर्जन दुसऱ्या सकाळीही चालू असतं. तिथे त्या वेळी स्वयंसेवकांनी असूच नये, पोलीस आणि जीवरक्षकांच्या कामात अडथळा होतो. दादरलाही कुठल्या पट्ट्यात काम करायचं हे जी उत्तर विभाग कार्यालयाशी आधी बोलून ठरवून घ्यावं लागतं. ते ठरलं नसेल तर मजकूर टाकू नये.

आता कामाची ओळ. ‘किनारा स्वच्छ करणे’ हे काम नव्हे, तो काम झाल्यावरचा परिणाम आहे. येणाऱ्याला कळायला हवं की त्याच्या हाताने नेमकं काय होणार आहे. विसर्जनानंतरच्या वाळूवर साधारण चार प्रकारच्या गोष्टी असतात : मूर्तींचे भाग, निर्माल्य, कापड आणि सजावट, आणि नेहमीचा प्लास्टिकचा कचरा. चारही एकाच गोणीत भरले तर सगळीच गोणी वाया जाते. निर्माल्याचं खत होतं, पण त्यात दोरा, जरीची पट्टी, प्लास्टिकची फुलं आणि कापराच्या पुड्या राहिल्या तर ते होत नाही. म्हणून फुलं निवडून हारातला दोरा ओढून काढणं हे स्वतंत्र काम आहे. ते बसून करता येतं. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना, गरोदर बाईला किंवा शाळेतल्या मुलाला ते सहज जमतं. मजकुरात ‘बसून करायचं कामही आहे’ असे चार शब्द घातले, की एरवी हा उपक्रम आपल्यासाठी नाही असं समजणारी माणसंही नाव नोंदवतात.

मूर्तींचं काम वेगळं आणि नाजूक आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळतं, पण अतिशय हळू. समुद्रात सोडलेली अशी मूर्ती एका रात्रीत विरघळत नाही. तिचा रंग सुटतो, हात-पाय सुटतात आणि लाटा ते तुकडे किनाऱ्यावर आणतात. शाडूची मूर्ती काही तासांत चिखल होऊन जाते, म्हणून दुसऱ्या सकाळी वाळूवर दिसतं ते जवळपास सगळं प्लास्टरचंच असतं. मोठ्या मूर्तींच्या आत लाकूड, काथ्या आणि लोखंडी सळ्या असतात. ओलं प्लास्टर जड असतं आणि आतली सळी कुठून बाहेर आली आहे ते वरून दिसत नाही. त्यामुळे नियम सरळ ठेवावा : एका माणसाला दोन हातांनी सहज उचलता येईल एवढाच भाग स्वयंसेवकाने उचलायचा. त्याहून मोठं काहीही दिसलं तर तिथे काठीला लाल फडकं बांधून खूण करायची आणि महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना सांगायचं. त्यांच्याकडे यंत्र आहे, सरावही आहे.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते अशा प्रत्येक मजकुरात असायलाच हवी. आदल्या दिवसापर्यंत लोकांनी ज्याची पूजा केली, त्याचे हे अवशेष आहेत. ते ओढायचे नाहीत, फेकायचे नाहीत, त्यांच्यावर पाय द्यायचा नाही. दोन हातांनी उचलून एका बाजूला ओळीने ठेवायचे. आणि त्यांचे फोटो काढायचे नाहीत. मुंबई पोलिसांनी विसर्जित आणि अर्धवट विरघळलेल्या मूर्तींचे फोटो काढण्यावर आणि ते पसरवण्यावर बंदीचे आदेश काढलेले आहेत. हे ठाऊक नसलेला एखादा उत्साही मुलगा किनाऱ्याची दुर्दशा दाखवायला म्हणून फोटो टाकतो आणि पुढे त्याला आणि गटालाही त्रास होतो. गटाला दाखवायला फोटो हवे असतील तर भरलेल्या गोण्यांचे काढावेत.

‘सोबत काय आणायचं’ ही ओळ बहुतेक ठिकाणी ‘पाणी व टोपी’वर संपते. ती किनाऱ्यावरच्या धोक्यांवरून लिहायला हवी. पायांपासून सुरुवात करू. ऑगस्ट-सप्टेंबरात मुंबईच्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात पाकट मासे आणि जेलीफिश येतात. २०१३च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनासाठी पाण्यात उतरलेल्या अनेकांना पाकटाने डंख मारला होता. पाकट वाळूत स्वतःला पुरून बसतो आणि पाय पडला की शेपटीवरचा काटा मारतो. म्हणून स्वयंसेवकांनी पाण्यात उतरायचंच नाही. वाळूवरसुद्धा उघड्या पायांनी किंवा चपलेने यायचं नाही. गमबूट उत्तम. नसतील तर जाड तळव्याचे जुने बंद बूट, जे भिजले तरी चालतील. कॅनव्हासच्या बुटातून खिळा सरळ आत जातो, हे लक्षात ठेवावं.

हातमोज्यांबद्दल मजकुरात स्पष्ट लिहावं की ते गट देणार आहे की माणसाने आणायचे आहेत. ‘हातमोजे आणा’ म्हटलं की अनेक जण औषधाच्या दुकानातले पातळ पांढरे घेऊन येतात. ते पहिल्याच सळीला फाटतात. हवेत ते तळव्याला रबराचा थर दिलेले सुती मोजे, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे. गट देणार असेल तर जोड्या मोजूनच नावं घ्यावीत. एकही माणूस मोज्यांशिवाय उभा राहता कामा नये.

उरलेल्या वस्तू थोड्या आहेत : पुन्हा भरता येणारी पाण्याची बाटली, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, टोपी, कपड्यांचा एक कोरडा जोड आणि मोबाइलसाठी प्लास्टिकची पिशवी, कारण सप्टेंबरात सर कधीही येते. छत्री नको. ती एक हात अडवते आणि वाऱ्याने उलटते, त्यापेक्षा रेनकोट आणावा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ घरी ठेवावं.

कुणी येऊ नये, हेही लिहावं लागतं आणि ते लिहायला संकोच करू नये. पायाला उघडी जखम असलेल्याने या कामाला येऊ नये, कारण पावसाळ्यातल्या घाण पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची लागण होऊ शकते. धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षं झाली असतील त्याने आधी डॉक्टरांना विचारावं. रात्रभर मिरवणुकीत जागलेल्या माणसाने सकाळी थेट किनाऱ्यावर येऊ नये. हे तिसरं मुद्दाम सांगतो, कारण अनंत चतुर्दशीच्या रात्री मुंबईत झोपतं कोण? मंडळाचे कार्यकर्ते भाविकपणे सकाळी मदतीला येतात, त्यांना येऊन घेरी येते. त्यांच्यासाठी सोमवारी संध्याकाळची वर्गवारीची पाळी ठेवता येते.

नोंदणीची ओळ ही गटाच्या क्षमतेची ओळ आहे. ‘जास्तीत जास्त संख्येने’ असं लिहिणाऱ्याने गाडीचा विचार केलेला नसतो. हिशेब करून पाहा. दोन तासांत एक माणूस गोणी निम्मी भरून अशा दोन-तीन गोण्या वर आणू शकतो. गोणी निम्मीच भरायची, कारण ओल्या वाळूसकट पूर्ण भरलेली गोणी दोघांनाही उचलत नाही. निम्मी गोणी आठ किलोची धरली आणि माणसं साठ धरली, तर सव्वाशे ते दीडशे गोण्या, म्हणजे एक टन किंवा त्याहून थोडा जास्त माल. लहान टेम्पो एका खेपेला साधारण पाऊण टन नेतो. दोन खेपा ठरवून ठेवल्या असतील तरच साठ माणसं बोलवावीत. गाडी ठरली नसेल आणि दोनशे माणसं आली, तर चारशे-पाचशे गोण्या भरतीच्या रेषेजवळ पडून राहतात आणि दुपारच्या उधाणात त्यातल्या खालच्या पुन्हा समुद्रात जातात. तेव्हा मजकुरातला साठचा आकडा टेम्पोवरून येतो. बारा जणांमागे एक गटप्रमुख धरला तर त्याच आकड्यावरून पाच गटप्रमुखही लागतात.

नाव नोंदवताना पाच गोष्टी विचाराव्यात, जास्त नकोत : नाव, वय, मोबाइल क्रमांक, अडचणीत कुणाला फोन करायचा तो क्रमांक, आणि वाळूवरचं काम की बसून करायचं. पत्ता, आधार क्रमांक, नोकरी यांची काही गरज नसते, आणि लांबलचक अर्ज दिसला की माणूस तिथेच थांबतो. अठरा वर्षांखालच्या मुलांबरोबर घरचं मोठं माणूस असावं. कॉलेजची मुलं राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांसाठी येतात, त्यांना वर्षाला १२० तास भरायचे असतात. प्रमाणपत्र मिळणार की नाही, आणि मिळालं तर किती तासांचं, हे आधीच लिहिलं तर शेवटी वाद होत नाही. तीन तासांच्या कामाचं तीन तासांचंच द्यावं.

शेवटची तारीख शुक्रवार संध्याकाळ. शनिवारी विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात, दुकानात जाऊन मोजे आणणं अवघड होतं आणि फोनही लागत नाहीत. नोंदणीला उत्तर जायला हवं. ज्याला उत्तरच आलं नाही तो ‘आपलं नाव घेतलंय की नाही’ या शंकेनेच येत नाही. आणि मोफत उपक्रमात काही जण आयत्या वेळी गळतातच. म्हणून मजकुरात ‘येणं जमणार नसेल तर शनिवारी दुपारपर्यंत कळवा, प्रतीक्षा यादीतल्या माणसाला जागा मिळेल’ असं साधं वाक्य घालावं. लोक ते मनावर घेतात.

हे सगळं ठरल्यावर मजकूर लिहायला दहा मिनिटं लागतात. फोटोखाली जाणारा हा मजकूर असा होतो :

दादर चौपाटी सफाई, अनंत चतुर्दशीनंतरची सकाळ
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

वेळ : पहाटे ५.४५ला जमायचं. काम ६.१५ ते ८.१५, वर्गवारी ८.४५पर्यंत. ८.१५नंतर भरतीचं पाणी वेगाने चढतं, उशिरा येणाऱ्यांना वाळूवर उतरता येणार नाही.
जागा : चैत्यभूमीच्या बाजूचा प्रवेश. दादर स्टेशन पश्चिमेकडून चालत २५-३० मिनिटं.
काम : मूर्तींचे लहान भाग आदराने उचलून ठेवणं, निर्माल्यातून दोरा व प्लास्टिक वेगळं करणं, कापड व कचरा गोण्यांत भरणं. बसून करायचं कामही आहे. पाण्यात उतरायचं नाही.
तुम्ही आणा : गमबूट किंवा जाड तळव्याचे बंद बूट, पाण्याची बाटली, टोपी, रेनकोट, कोरडे कपडे. चप्पल व छत्री नको.
आम्ही देऊ : हातमोजे, गोण्या, प्रथमोपचार, चहा-नाश्ता.
कृपया लक्षात ठेवा : मूर्तींचे फोटो काढू नका. पायाला जखम असेल किंवा रात्रभर जागरण झालं असेल तर या वेळी येऊ नका.
नोंदणी : नाव, वय, मोबाइल, अडचणीत कळवायचा क्रमांक, आणि ‘वाळू’ किंवा ‘बसून’ असं लिहून गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. शुक्रवार ५ सप्टेंबर, संध्याकाळी ८पर्यंत. जागा ६०. आमचं उत्तर आलं की तुमची जागा पक्की.
१८ वर्षांखालील मुलांबरोबर पालक हवेत. हजेरीनुसार ३ तासांचं प्रमाणपत्र मिळेल.

यात ‘निसर्ग वाचवा’ नाही, ‘आपलं कर्तव्य’ नाही, उद्गारचिन्हही नाही. ज्याला समुद्राबद्दल काही वाटतं त्याला ते नव्याने वाटायला लावायची गरज नसते. त्याला फक्त पावणेसहाला चैत्यभूमीजवळ पोहोचायचं असतं. एक चांगला फोटो मात्र हवा, आणि तो आदल्या वर्षी त्याच जागी काम करणाऱ्या माणसांचा असावा, त्यांना विचारून काढलेला. चकाचक निळ्या समुद्राचा परदेशी फोटो टाकला, तर आलेल्या माणसाला दादरची काळपट वाळू पाहून फसवल्यासारखं होतं.

मजकूर टाकून काम संपत नाही. शनिवारी रात्री नऊ वाजता नोंदवलेल्या प्रत्येकाला एक छोटा निरोप जायला हवा : उद्याची वेळ, गटप्रमुखाचं नाव आणि क्रमांक, हवामान खात्याचा इशारा. मुसळधार पावसाचा रेड किंवा ऑरेंज इशारा असेल तर त्याच निरोपात कार्यक्रम रद्द झाल्याचं सांगावं, पहाटेची वाट पाहू नये. पहाटे साडेचारला कल्याणहून निघालेल्या माणसाला दादरला पोहोचल्यावर ‘रद्द’ कळलं, तर तो पुढच्या वर्षी यायचा नाही.

किनाऱ्यावर गटप्रमुखाकडे तोच मजकूर छापील असावा आणि सुरुवातीच्या पाच मिनिटांत त्याने तो मोठ्याने वाचावा, कारण काही जण मित्राच्या सांगण्यावरून, काहीही न वाचता आलेले असतात. पाकटाचा डंख लागलाच तर दुखरा भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा आणि लगेच रुग्णालयात न्यायचं. यासाठी चहाच्या किटलीशेजारी गरम पाण्याचा एक थर्मास आणि पाय मावेल अशी बादली वेगळी ठेवावी. जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही. सळीने कापलं तर जखम स्वच्छ पाण्याने धुऊन त्या माणसाचं काम तिथेच थांबवायचं, मग तो कितीही ‘काही नाही हो’ म्हणू दे.

पुढच्या वर्षीचा मजकूर याच मजकुरावरून लिहायचा असतो, पण वेळ तशीच उचलू नये. अनंत चतुर्दशीनंतरची पहाट तिथीमुळे साधारण तिथेच राहील, तरी मिनिटं तक्त्यावरून पुन्हा घ्यावीत. दीड दिवसाच्या आणि गौरी विसर्जनाच्या सकाळींसाठी पाऊणपट काढून पहिल्यापासून बसावं. किती गोण्या भरल्या, टेम्पोच्या किती खेपा झाल्या, किती जणांनी नाव देऊन येणं टाळलं आणि पाणी कुठल्या खुणेपर्यंत किती वाजता आलं, एवढं त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं की साठाचे सत्तर करायचे की पन्नास, ते पुढच्या भाद्रपदात कुणालाही ठरवता येतं.